नाव ‘डी’पासून, पण ‘डी’ म्हणायचं नाही

बँकेच्या रिजनल ऑफिसात बदलून आलेल्या माणसाला पहिल्या सोमवारी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, ‘नए आए हैं, ज़रा इंट्रो दे दीजिए.’ सगळ्यांच्या माना वर होतात, कुणीतरी मोबाइल उलटा ठेवतो, आणि पुढचं दीड मिनिट त्या माणसाचं असतं. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत एकतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी मुंबईच्या अशाच कार्यालयांत गेली. शेवटची काही वर्षं नव्या अधिकाऱ्यांना शिकवण्यात गेली. त्यामुळे अशी दीड-दीड मिनिटं शेकड्यांनी ऐकली आहेत. त्यातलं एक इथे उलगडून सांगतो. बाईंचं नाव बदललं आहे, पण बदलतानाही तशाच अडचणीचं ठेवलं आहे. त्यांना ज्ञानदा काळे म्हणू.

ज्ञानदा मूळची उदगीरची. जवळच्याच एका ग्रामीण शाखेत साडेतीन वर्षं पीककर्ज बघायची. तिथून बदली थेट मुंबईच्या रिजनल ऑफिसात, शेतीकर्जाच्या डेस्कवर. सोमवारच्या बैठकीला चौदा माणसं होती. चौघं मराठी. तिघं हिंदीवाले, त्यातला एक बिहारचा, घरी मैथिली बोलणारा. दोघं तेलुगू, पैकी एक हैदराबादचा. बाकी तमिळ, मल्याळी, बंगाली, गुजराती आणि ओडिया प्रत्येकी एक. तमिळ होते ते सर्वांत वरिष्ठ, डीजीएम. दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला रत्नागिरीकडचा सबस्टाफ पंधरावा. पण त्याला कुणी मोजत नाही आणि तो सगळं ऐकत असतो.

तिने आदल्या रात्री तयारी केली होती आणि मला फोनवर म्हणून दाखवली. जशी होती तशी देतो: ‘गुड मॉर्निंग एव्हरीवन, माय नेम इज ज्ञानदा काळे, मी मूळची उदगीरची, मतलब लातूर डिस्ट्रिक्ट, तो मेरी पूरी शिक्षा उधर ही हुई, आणि मग मी बँक जॉइन केली, और साढ़े तीन साल हम लोग वहाँ वसूली की बहुत अच्छी यंत्रणा खड़ी किए, सो आय ॲम व्हेरी हॅपी टु बी हिअर, तुमको कुछ भी लगा तो बोलो.’

ऐकायला हे अगदी ओळखीचं आहे. लोकलच्या डब्यात, कँटीनमध्ये आपण सगळे असंच बोलतो आणि कुणाचं काही अडत नाही. कारण तिथे समोर एक-दोन माणसं असतात, चेहरा बघून वाक्य वळवता येतं आणि नाही कळलं तर ते विचारतात. बैठकीत चौदा जणांना कुणी विचारत नाही. न कळलेला माणस मान हलवतो आणि पुढे जातो. म्हणून त्या दीड मिनिटाचा हिशेब वेगळा.

पहिला प्रश्न अर्थात भाषा कोणती हा. मुंबईत आहोत तर मराठी का नाही, असं ज्ञानदाने विचारलं आणि ते रास्तच होतं. काउंटरवर येणाऱ्या ग्राहकासाठी माझं उत्तर निःसंदिग्ध आहे, त्याच्याशी मराठीत बोला. शाखेतले फलकसुद्धा इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्हींत लावावेत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. पण ही खोली ग्राहकांची नाही. इथली निम्म्याहून जास्त माणसं गेल्या दोन-चार वर्षांत बदलीने आली आहेत आणि आणखी दोन-चार वर्षांत जाणार आहेत. पहिल्याच दिवशी नाव आणि काम त्यांच्या कानात पोचलं नाही, तर तोटा ज्ञानदाचाच होता.

मग हिंदी? आपल्याला वाटतं हिंदी सगळ्यांनाच येते. डीजीएमसाहेबांचं उदाहरण घ्या. तमिळनाडूने 1968 साली विधानसभेत ठराव करून दोन भाषांचं धोरण धरलं, तमिळ आणि इंग्रजी. म्हणजे तिथल्या सरकारी शाळेत शिकलेल्या माणसाने हिंदीचा धडा वाचलेलाच नसतो. केंद्राचे राजभाषा नियम 1976 चे. ते देशभर लागू आहेत, तमिळनाडू सोडून. अशा माणसाने हिंदी शिकली असेल तर नोकरीत आल्यावर, कानाने. त्याला कामाचे शब्द कळतात, लांब वाक्य सुटून जातं.

मग इंग्रजी? खोलीतल्या तिघा-चौघांचं इंग्रजी कागदावर पक्कं आणि बोलण्यात आखडलेलं होतं. दाराशी उभ्या असलेल्याला तर त्यातलं काहीच लागलं नसतं. आणि उद्यापासून ज्ञानदाच्या फाइली या खोलीतून त्या खोलीत नेणारा तोच होता.

अशा वेळी मला कुपवाडची आठवण होते. सांगलीजवळचं कुपवाड आता महापालिकेत आहे. पण जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाअभ्यासकांनी तिथलं बोलणं टिपलं तेव्हा ते खेडं होतं. त्यांचा लेख 1971 साली प्रसिद्ध झाला आणि भाषाविज्ञान शिकणाऱ्या जगभरच्या मुलांना तो आजही वाचावा लागतो. गावातले जमीनदार जैन घरी कन्नड बोलत, जमीनदार मुसलमान उर्दू. एकमेकांशी बोलताना मात्र दोघंही बहुतेक वेळा मराठी वापरत. मराठी घरी बोलणारे तिथे मुख्यतः भूमिहीन आणि दलित होते. म्हणजे मराठी ही त्या दोन बड्या गटांपैकी कुणाचीच नव्हती, आणि म्हणूनच ती दोघांना सोयीची होती. कन्नड बोलायला लागलं असतं तर मुसलमान पाहुणा ठरला असता, उर्दू बोलायला लागलं असतं तर जैन. तीच मराठी मुंबईच्या त्या खोलीत चौघांच्या बाजूची झाली असती. भाषा तटस्थ आहे की नाही, हे खोलीत कोण बसलंय त्यावर ठरतं.

ज्ञानदाला मी एवढंच सांगितलं, की बैठकीत बोलायची वेळ येण्याआधी दहा मिनिटं नुसतं ऐक. डीजीएम कशात विचारतात, लोक कशात उत्तर देतात. तिने ऐकलं. डीजीएम इंग्रजीत विचारत, लोक हिंदीत उत्तर देत, आणि कामाचा प्रत्येक शब्द, म्हणजे ब्रँच, लोन, रिन्यूअल, सँक्शन, एनपीए, दोन्हीकडे तोच. म्हणजे खोलीने आपली सोय आधीच लावली होती: सांगाडा साध्या हिंदीचा, कामाचे शब्द इंग्रजी. तिने नवीन काही शोधायचं कारणच नव्हतं.

सांगाडा हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपण भाषा मिसळतो तेव्हा त्यातली एक भाषा यजमान असते. ‘मी फाइल फॉरवर्ड केली’ यात दोन शब्द इंग्रजी आहेत, पण वाक्य शंभर टक्के मराठी. फाइल मराठीत आल्यावर बाई झाली, म्हणून ‘केली’. ‘ब्रँचमध्ये’, ‘लोनचं’, ‘मॅनेजरला’ यांत प्रत्यय मराठीच लागले आणि इंग्रजी क्रियापदाला ‘करणे’ची काठी धरूनच उभं राहावं लागलं. असं मिश्रण ऐकणाऱ्याला अजिबात जड जात नाही, कारण कुणी, कुणाला, काय केलं हे सांगणारी यंत्रं सगळी एकाच भाषेची असतात. जड जातं ते यजमान बदलला की. ‘मी मूळची उदगीरची, मतलब लातूर डिस्ट्रिक्ट, तो मेरी पूरी...’ इथे एका श्वासात मराठी घर सोडून हिंदी घरात शिरलो. मराठी माणसाला दोन्ही घरं माहीत आहेत. ओडिया माणूस पहिल्या घराच्या दारातच अडकला आणि दुसऱ्यात पोचेपर्यंत वाक्य संपलं. म्हणून माझा नियम साधा आहे: शब्द हवा तिथून घ्या, सांगाडा वाक्याच्या मध्ये बदलू नका. बदलायचाच तर पूर्णविराम द्या, श्वास घ्या, मग बदला.

शब्द हवा तिथून घ्या म्हटलं खरं, पण इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. संस्कृतातून आलेले शब्द सगळीकडे सारखेच असणार अशा भरवशावर आपण असतो. ज्ञानदाची ‘वसूली की यंत्रणा’ बघा. मराठीत यंत्रणा म्हणजे व्यवस्था. शासकीय यंत्रणा, निवडणूक यंत्रणा, सगळं सरळ. हिंदीत मात्र यंत्रणा म्हणजे यातना, आणि बंगालीतला जंत्रणाही वेदनाच. म्हणजे बंगाली सहकाऱ्याच्या कानावर असं पडलं असतं, की या बाईंनी साडेतीन वर्षं वसुलीसाठी शेतकऱ्यांच्या यातनांची उत्तम सोय केली होती. हे व्याकरणाच्या चुकीसारखं ओशाळून सोडून देता येत नाही. कारण वाक्य बरोबरच वाटतं, फक्त दुसरंच काहीतरी सांगतं.

‘शिक्षा’ची गंमत उलटी. हिंदीत ‘मेरी शिक्षा लातूर में हुई’ हे अगदी शुद्ध आहे. पण चार मराठी चेहऱ्यांवर हसू फुटणार, आणि मल्याळी बाईसुद्धा दचकणार. कारण मल्याळममध्ये आणि कन्नडमध्येही शिक्षेचा अर्थ आपल्यासारखाच आहे. शुद्ध शब्दसुद्धा या खोलीत चुकीचा ठरू शकतो तो असा. ‘पढ़ाई’ म्हटलं की प्रश्न मिटला. तिसरा शब्द ऑफिसातला आहे आणि तो मी प्रत्यक्ष गोंधळ घालताना पाहिलाय. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद, हिंदीत राज़ीनामा म्हणजे दोन पक्षांची तडजोड. थकीत कर्जाच्या बैठकीत उत्तरेकडचा अधिकारी ‘पार्टी राज़ीनामा के लिए तैयार है’ म्हणाला, तेव्हा आमच्या एका मराठी साहेबांनी विचारलं होतं, ‘पार्टी नोकरीला आहे का?’

यावर उपाय कोशात शोधायचा नाही. ज्या शब्दाची थोडीही शंका येईल तिथे कामाचा इंग्रजी शब्द वापरायचा, कारण तो या मंडळींनी एकाच सर्क्युलरमधून शिकलेला असतो. ‘रिकव्हरी’चा अर्थ चौदाही जणांना एकच कळतो. एरवी इंग्रजी शब्दांची खोगीरभरती मला आवडत नाही, मराठीत लिहिताना तर नाहीच. पण इथे तो शब्द इंग्रजी आहे म्हणून घ्यायचा नसतो, तो सगळ्यांनी सारखाच ऐकलेला आहे म्हणून घ्यायचा असतो.

आकड्यांचंही तसंच. ‘साढ़े तीन’, ‘ढाई’, ‘सवा दो’ ही आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली मापं आहेत. हिंदी उशिरा कानाने शिकलेल्या माणसाला ‘ढाई’ म्हणजे दोनच्या अलीकडे की पलीकडे हे आठवायला क्षणभर लागतं, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. तमिळ, मल्याळम, तेलुगूत पंचवीस म्हणताना आधी वीस येतात, मग पाच. आपल्याकडे ‘पंच’ आधी. आणि हिंदीतलं 69, म्हणजे उनहत्तर, आणि 79, म्हणजे उन्यासी, यांत तर मराठी माणूसही गडबडतो. कारण त्याच्या डोक्यात एकोणसत्तर आणि एकोणऐंशी असतात. एक्स्टेन्शन नंबर सांगायचा असेल तर इंग्रजीत, एकेक आकडा सुटा. वर्षांची मोजणीही इंग्रजीत, किंवा सरळ ‘तीन साल से थोड़ा ज़्यादा’.

आता सगळ्यात नाजूक जागा. ‘तुमको कुछ भी लगा तो बोलो.’ हे वाक्य ज्ञानदाने अत्यंत आदराने लिहिलं होतं, हे मराठी माणूस शपथेवर सांगेल. तिच्या मनात वाक्य होतं ‘तुम्हाला काही लागलं तर सांगा.’ तुम्ही म्हणजे आदर, सांगा म्हणजे आदर. ते हिंदीत नेताना तिने जवळचा दिसणारा शब्द उचलला. पण मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ अशा दोन पायऱ्या रोजच्या वापरात आहेत, ‘आपण’ म्हटलं तर तिसरी. हिंदीत तू, तुम आणि आप. मराठी ‘तुम्ही’ हिंदीच्या ‘तुम’वर बसत नाही, ते ‘आप’वर बसतं. लखनौकडचा माणूस वरिष्ठ असेल आणि त्याला तुम्ही पहिल्याच दिवशी ‘तुम बोलो’ म्हणालात, तर तो काही बोलणार नाही, फक्त मनात नोंद करेल. मुंबईत वाढलेल्याला याचं काही वाटत नाही, कारण मुंबईची हिंदी मराठी-गुजरातीच्या संगतीत ‘तुम’वरच वाढली. पण बदलून आलेला माणूस मुंबईत वाढलेला नसतो. ‘आपको ज़रूरत हो तो बताइए’, एवढा बदल पुरतो. ‘लगा’सुद्धा गेला ते बरंच झालं. हिंदीत ‘कुछ लगा तो’ म्हणजे काही वाटलं तर किंवा काही लागलं-खुपलं तर, गरज पडली तर नव्हे.

‘हम लोग खड़ी किए’ मध्ये दोन गोष्टी एकदम आहेत. एक, ‘ने’. मराठीत ‘त्याने केलं’ म्हणतो, पण ‘मी केलं’, ‘आम्ही केलं’. पहिल्या पुरुषाला ‘ने’ लागतच नाही. म्हणून मराठी माणूस सहजच ‘मैं किया’, ‘हम किए’ म्हणून जातो. हिंदीला ‘मैंने किया’ हवं असतं. खरं सांगायचं तर यावर मी फारसा जोर देत नाही, अर्थ कळतो. बंगाली माणसाच्या हिंदीत ‘गाड़ी आया’ होतं, कारण त्याच्या भाषेत शब्दांना लिंगच नाही. तेही कळतं. खोली एकमेकांच्या असल्या चुका माफ करायला केव्हाच शिकलेली असते.

दुसरी गोष्ट ‘हम’. मराठीत याचे दोन शब्द आहेत: ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. गुजरातीत हेच ‘अमे’ आणि ‘आपणे’. तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’, मल्याळममध्ये ‘ञङ्ङळ’ आणि ‘नम्मळ’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’. हिंदीत आणि बंगालीत असा भेद नाही, एकच शब्द दोन्हींना. आणि बिहारी माणसाचं ‘हम’ तर पुष्कळदा ‘मी’ असतं: ‘हम दरभंगा से हैं’ म्हणतो तेव्हा तो एकटाच असतो. ज्ञानदाच्या ‘हम लोग’ मध्ये खोलीतल्या निम्म्या लोकांना आपण आत की बाहेर हे कळलं नसतं. मागच्या शाखेचं सांगताना ‘हमारी ब्रांच में’ म्हटलं, तर कुणी विचारायचा, कौन-सी, यही? म्हणून मागचं सांगताना ‘मैं’ आणि ‘वह ब्रांच’. पुढचं सांगताना ‘हम सब’. मराठीच्या ‘आपण’ची ऊब हिंदीत एका शब्दात येत नाही, दोन वापरावे लागतात.

नावाचं राहिलंच, आणि खरं तर तिथूनच सुरुवात व्हायला हवी होती. ओळख करून देण्यात दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, नाव राहायला हवं. ज्ञानदाचं नाव लोकांनी आधी मेलवर वाचलं होतं: Dnyanada Kale. ‘ज्ञ’चा उच्चार आपण द्न्य करतो म्हणून इंग्रजीत पुढे डी लावतो. हिंदीत त्याचा ग्य होतो, म्हणून तिकडची ज्ञानदा जी अक्षराने सुरू होते. डी पाहून तेलुगू सहकाऱ्याने मनात ‘डिन्यानाडा’ वाचलं होतं, तर हिंदीवाल्यांनी हे ‘ज्ञान’ आहे हे ओळखलंच नव्हतं. आडनावात ळ. तमिळ, मल्याळी, तेलुगू, गुजराती, ओडिया यांना ळ येतो, हिंदी आणि बंगालीवाल्यांना नाही. ते ‘काले’ म्हणणार, आणि इंग्रजीतून वाचणारा ‘केल’. तिने आडनाव बोलून दाखवायचंच सोडलं, ते पाटीवर होतं. एका दमात दोन कठीण शब्द दिले की दोन्ही हातातून जातात.

बंगालीत आणखी एक मौज होती. त्यांच्याकडे थोरल्या भावाला ‘दादा’, आणि नावापुढे जोडताना नुसता ‘दा’. ज्ञानदा म्हणजे त्यांच्या कानाला ‘गॅन-दा’, ज्ञान नावाचा कुणी मोठा भाऊ. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की उद्याची धास्ती त्यातच निम्मी उतरली.

तिला आणखी एक मोह झाला होता: प्रत्येकाला त्याच्या भाषेत नमस्कार करायचा. वणक्कम, नोमोश्कार, केम छो. मी नको म्हटलं. एक तर चौदा जणांत कुणाची कोणती भाषा हे पहिल्या दिवशी चुकतंच. तेलुगू माणसाला ‘वणक्कम’ म्हटलं की तो हसून मान हलवतो आणि दुखावतो. दुसरं, त्यात सगळ्यांना आपापल्या राज्याच्या खुर्चीत बसवल्यासारखं होतं, प्रजासत्ताकदिनाच्या चित्ररथासारखं. ‘नमस्कार’ हा एक शब्द मराठी, हिंदी, गुजराती, ओडियात तसाच चालतो, बंगालीत स्वर जरा गोल होतो, तेलुगू-मल्याळममध्ये शेवटी ‘म्’ लागतो. तमिळ माणसालाही तो परका नाही. फुकटात मिळालेला शब्द आहे, तोच वापर म्हटलं.

मराठीचं काय मग? मराठी एक वाक्य हवंच असा माझाही आग्रह होता. लपवून ठेवायची ती काही गोष्ट नाही, आणि दाराशी उभा असलेलाही ऐकत होता. पण ते वाक्य असं हवं की न कळणाऱ्यालाही हाताला लागेल, आणि सुटं, शेवटी. मराठीतला विनोद करू नये. चौघं हसतात, दहा जण त्या चौघांकडे बघतात, आणि आपण वेगळे आहोत हे दोघांनाही एकाच क्षणी कळतं. तिने निवडलं, ‘नवीन आहे, सांभाळून घ्या.’ मला ते फार आवडलं. ‘नवीन’ सगळ्यांचा, ‘सांभाळ’ हिंदीच्या ‘संभाल’ला लागून. आणि आशय असा, की सुरातूनच पोचतो.

सोमवारी ती जे बोलली ते असं:

‘नमस्कार. मेरा नाम ज्ञानदा है. स्क्रीन पर डी से शुरू होता है, पर डी बोलना नहीं है. ज्ञानदा. ग्यानदा बोलेंगे तो भी मैं मुड़कर देखूँगी.’ इथे ती थांबली. ‘मैं उदगीर से हूँ. लातूर ज़िले में है, कर्नाटक और तेलंगाना दोनों पास हैं. तीन साल से थोड़ा ज़्यादा वहीं की एक रूरल ब्रांच में थी. काम था क्रॉप लोन का. सँक्शन, रिन्यूअल और रिकव्हरी, तीनों.’ पुन्हा थांबली, डीजीएमकडे वळली आणि सांगाडा बदलला: ‘सर, फ्रॉम टुडे ऑल ॲग्री रिन्यूअल फाइल्स विल कम टु माय डेस्क.’ मग परत हिंदीत, ‘हाउसिंग लोन मैंने कभी नहीं किया. वह आपसे सीखना पड़ेगा.’ आणि शेवटी खोलीभर नजर फिरवून, ‘नवीन आहे, सांभाळून घ्या.’

घड्याळ लावलं असतं तर एक मिनिटही झालं नसतं. आदल्या रात्री मी तिच्याकडून एक चाचणी करून घेतली होती. हॉस्टेलवरच्या तिच्या खोलीत एक आसामी मुलगी होती. तिला हे एकदाच ऐकवायचं आणि दोनच गोष्टी विचारायच्या, माझं नाव काय आणि माझ्याकडे कोणतं काम घेऊन यायचं. छान वाटलं का, हे विचारायचं नाही. त्याचं उत्तर सगळे हो देतात. पहिल्यांदा त्या मुलीला नाव आलं, काम आलं नाही. कारण तेव्हा रिन्यूअलचं वाक्य रिकव्हरीच्याच ओळीत होतं. ते बाजूला काढून त्याला स्वतंत्र इंग्रजी वाक्य केलं, ते तिथून आलं.

सगळं जमलं असं नाही. ‘सांभाळून घ्या’वर गुजराती सहकारी ‘हा, हा, संभाळी लईशुं’ म्हणून मोकळा झाला, पण मल्याळी बाईंना ते कळलं नाही असं ज्ञानदाला वाटलं. हे तिला कसं दिसलं? त्या हसल्या, पण बाकीचे हसल्यावर अर्ध्या क्षणाने, आणि हसण्याआधी शेजारणीच्या चेहऱ्याकडे बघून. उशिरा आलेलं हसू ही न कळल्याची सर्वांत भरवशाची खूण आहे, कारण मान तर सगळेच हलवतात. चहाच्या वेळी ज्ञानदा स्वतः त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, ‘मैंने बोला, नई हूँ, थोड़ा संभाल लीजिए.’ मग त्या खरोखर हसल्या.

हैदराबादवाल्याने तेवढ्यात गाठलं. उदगीर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होतं, त्याच्या आजोबांच्या तोंडी ते नाव होतं. बिस्किटं पुढे केली तर तो म्हणाला, ‘नक्को.’ ज्ञानदाने भुवई उंचावली. दखनी बोलीतला हा ‘नक्को’ मूळचा आपला ‘नको’, हे त्याला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमाराला ती कपाटातून जुनी रजिस्टरं काढत होती, पाठ दाराकडे. कोलकात्याचा सहकारी हातात एक जाडजूड फाइल घेऊन आत आला, वर ‘रिन्यूअल’ लिहिलेली. त्याला नाव पुरतं आठवेना. जरा घुटमळून तो म्हणाला, ‘गॅन-दा?’

ती वळली.